वॉचमनचा मोठा डब्ल्यू

ऑफिसात मला सगळे मास्तरीण म्हणतात. माझं काम असं, की पार्सल हरवलं, फुटलं, उशिरा आलं म्हणून गिऱ्हाइकांना जे इंग्रजी मेल जातात, ते बाहेर पडण्याआधी तपासायचे. आमची कंपनी माल पोहोचवते आणि मी माल न पोहोचल्याबद्दलची माफी नीट करून देते.

सगळ्यात जास्त वैताग मोठ्या अक्षरांचा. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही, म्हणून इंग्रजीत लिहिताना माणसं अंदाजपंचे करतात. मी नवीन आलेल्या प्रत्येकाला बसवून सांगते. वार आणि महिने वाक्यात कुठंही येवोत, त्यांचं पहिलं अक्षर मोठंच. हुद्दा वाक्याच्या मध्ये आला तर लहान. लगेच पुढं त्या माणसाचं नाव असेल तरच मोठा. विभागाचं ठरलेलं पूर्ण नाव लिहिलं तर मोठं, नुसतं 'विभाग' किंवा 'आमची टीम' म्हटलं तर लहान. एवढंच. पण एवढंच कुणाला जमत नाही. मॅनेजरचा एम लहान लिहिला की नोकरी जाईल असं त्यांना वाटतं.

चिमणीची तर तऱ्हाच वेगळी. ती परत आलेल्या मालाच्या टेबलावर बसायची. आवाज बारीक म्हणून चिमणी. वार-महिने ती लहान अक्षरांनी लिहायची आणि हुद्दे सगळे मोठे. बाकीचे निदान साहेबांपुरतं मोठं अक्षर वापरतात. ही ड्रायव्हर, क्लीनर, वॉचमन, सगळ्यांना मोठं करायची. दीड वर्ष मी लाल खुणा करत होते. "अगं, वॉचमनचा डब्ल्यू लहान," असं इतक्यांदा सांगितलं की शेवटी आमच्यात तो विनोदच झाला. ती हसायची, दुरुस्त करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

गुरुवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे आमचे शाखेचे मॅनेजर. टेबलावर एक छापील कागद होता. वर आणि खाली फाइल ठेवून मधला एकच परिच्छेद उघडा ठेवलेला. ते गोड बोलत होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. म्हणाले, मुख्य ऑफिसमधून शेरा आलाय की आपल्या शाखेचं इंग्रजी कच्चं आहे, जरा बघा यात काय काय चुकलंय.

माझी एक सवय आहे. मी मजकूर शेवटून वाचते, शब्दामागून शब्द, उलट्या दिशेनं. अर्थात गुंतलं की डोळा चुका गिळतो, म्हणून अर्थ लागूच द्यायचा नाही. ही युक्ती मीच शोधून काढली अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मी पेन्सिल घेतली आणि भराभर खुणा केल्या. संडेचा एस लहान, चूक. जानेवारीचा जे लहान, चूक. सीनियर कॉरस्पॉन्डन्स असिस्टंट, तिन्ही अक्षरं मोठी, पुढं नाव नाही, चूक. क्लीनर, चूक. वॉचमन, चूक.

साहेब म्हणाले, "असं कोण लिहितं आपल्याकडं?"

मी क्षणभरही थांबले नाही. "वॉचमनचा डब्ल्यू मोठा करणारी इथं एकच आहे, साहेब. आपली चिमणी." वर हसलेही. माझं मला कौतुक वाटलं होतं, ते लपवत नाही.

त्यांनी कागद ओढून घेतला आणि आभार मानले.

शुक्रवारी दुपारी चिमणी खण रिकामा करत होती. करार पुढं वाढवणार नाही, सोमवारपासून यायचं नाही, असं तिला सांगितलं होतं. कारण विचारलं तर कामाचा दर्जा. ती माझ्याकडं न बघता गेली. मग वॉचमनकाकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कुणीतरी बिननावी पत्त्यावरून मुख्य ऑफिसला साहेबांविरुद्ध तक्रार पाठवली होती. तिथल्या शहाण्यांनी ती साहेबांकडंच पाठवली, तुमचं म्हणणं कळवा म्हणून. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

गुरुवारचा तो कागद म्हणजे तीच तक्रार होती. मी तशीच केबिनमध्ये गेले. म्हटलं, साहेब, माझी चूक झाली, असं तर बरेच जण लिहितात, मी नक्की सांगू शकत नाही. त्यांनी मान वर केली नाही. काल तुम्हीच एकच आहे म्हणालात, आता शब्द फिरवू नका, असं म्हणाले. वर हेही म्हणाले की तुमचाही करार जूनमध्ये संपतोय, ना?

माझ्या मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी आहेत. मी बाहेर आले. मला माझीच शरम वाटली, पण बाहेर आले हे खरं.

संध्याकाळी चिमणीच्या घरी गेले. तिसरा मजला, दोन खोल्या. तिची आई पलीकडं कपड्यांच्या घड्या घालत होती. चिमणीनं मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. साहेबांनी फसवलं हे सांगितलं, पण फसायला मी किती उतावीळ होते तेही सांगितलं.

ती म्हणाली, "ताई, तुम्ही तो परिच्छेद वाचलात ना?"

"तपासला," मी म्हटलं.

"वाचलात का?"

मी मान हलवली. नाही.

तेव्हा तिनं मला त्यातला मजकूर सांगितला, आपल्या भाषेत, सरळ. जानेवारीपासून दर रविवारी साहेब वॉचमनला, दोन क्लीनरना आणि सीनियर कॉरस्पॉन्डन्स असिस्टंटला कामावर बोलावतात आणि हजेरीपटावर त्यांची सुटी दाखवतात. त्यातली शेवटची बाई सहा वर्षं तात्पुरत्या करारावर आहे आणि बोलायला घाबरते.

कागदोपत्री तो हुद्दा माझा आहे. तो मला कुणी कधी लावत नाही, मास्तरीण म्हणतात. रविवारी मीच जात होते. मीच दर रविवारी घरी खोटं सांगत होते की कुणी बोलावलं नाही, काम साचलंय म्हणून मीच आपणहून जातेय.

"माझं नाव का नाही घेतलंस?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"तुम्ही घाबरता म्हणून. आणि ताई, तुमचा हुद्दा लहान लिहायचा हे मला ठाऊक होतं. लिहून बघितला. तुमच्यासाठी भांडायचं आणि तुम्हालाच लहान करायचं, हात वळेना."

तिच्या आईनं तेवढ्यात पाणी आणून दिलं. पेला मी तसाच खाली ठेवला आणि निघाले.

शनिवारी सकाळी, ऑफिस भरायच्या आत, मी मुख्य ऑफिसला मेल लिहिला. रविवारच्या सगळ्या तारखा घातल्या, आदल्या तक्रारीतला शब्द न् शब्द खरा आहे असं लिहिलं, आणि ती लिहिणारीला मीच पकडून दिलं हेही लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव टाकलं आणि साहेबांना प्रत लावली. हा कुणी लिहिला, हे ओळखायला या वेळी कुणाला बोलवावं लागू नये.