पंचविसात नऊ

इंगवलेसर ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे शोधनिबंधाचा सारांश, शिकवायचे ते कीर्तनात बुवांनी अभंग सोडवावा तसे. आधी सगळं एकदा सलग वाचायचे, मग एकेक चरण हातात घेऊन उलटापालटा करायचे. पहिलं वाक्य बहुतेक वेळा नुसती पार्श्वभूमी असते, त्यालाच उद्देश समजू नका, हे त्यांचं ठरलेलं. ‘हे पाहण्यासाठी’ किंवा ‘हे तपासण्यासाठी’ असं जिथं येतं तिथं उद्देश. काय घेतलं, किती घेतलं, किती वेळ ठेवलं, ती पद्धत. आकडा दिसला की निष्कर्ष जवळ आला. आणि मर्यादा बहुधा लिहिलेलीच नसते. पद्धतीत काय सांगायचं राहिलंय तिथं ती दडून बसते, ती आपण हुडकायची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्राणिशास्त्राचा वर्ग हे ऐकून माना डोलवायचा. संघप्रिया तर वहीत चौकट करून लिहून घ्यायची.

त्याच संघप्रियाला दोन हजार एक सालच्या त्या जानेवारीत सरांच्या तासाला बसणं नकोसं झालं होतं.

कारण असं. दिवाळीच्या सुट्टीत सरांनी तिला प्रयोगाला बोलावलं होतं. निरगुडीच्या पानांचा अर्क डासांच्या अळ्यांना मारतो का, हे पाहायचं होतं. प्रत्येक वाटीत पंचवीस अळ्या, वाट्यांमध्ये वाढत्या प्रमाणात अर्क, आणि एक वाटी अर्क न घालता नुसत्या पाण्याची. तिला कंट्रोल म्हणतात. तिच्यातल्या अळ्या जगल्या तरच बाकीच्यांचं मरण अर्कावर ढकलता येतं. चोवीस तासांनी संघप्रियानं मेलेल्या मोजल्या. सगळ्यात कडक अर्कात एकवीस. कंट्रोलमध्ये नऊ.

नऊ मेल्याचं कारण प्रयोगशाळेत शिपाई असलेल्या ज्ञानूमामांनी वाटीचा वास घेतल्या घेतल्या सांगितलं होतं. पाणी नळाचं होतं, ब्लीचिंग पावडरवालं. एक रात्र उघडं ठेवायला पाहिजे होतं, ते सकाळीच भरलेलं. तिनं सरांना सांगितलं. सर म्हणाले, बघू उद्या. परिषदेला निबंध पाठवायची मुदत त्याच शनिवारी होती. तो उद्या आलाच नाही.

जानेवारीत परिषदेची स्मरणिका छापून आली. त्यात या प्रयोगाचं ॲब्स्ट्रॅक्ट होतं, वर सरांच्या नावाखाली तिचं नाव. उचगावात घरी आप्पांनी त्या पानाची झेरॉक्स काढून काचेची चौकट केली आणि बुद्धांच्या तसबिरीशेजारी टांगली. आप्पा फाउंड्रीत कामाला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण लेकीचं नाव बोटानं दाखवता येत होतं, आणि आल्यागेल्या पावण्याला ते दाखवत होते. संघप्रियानं पान वाचलं तेव्हा नाव सोडून तिला दुसरंच दिसलं. चौऱ्याऐंशी टक्के अळ्या मेल्या, स्वस्त, खेड्यापाड्यांत उपयोगी. कंट्रोलचा एक शब्द नाही. त्या नऊ अळ्या पांढऱ्या पडून पाण्यावर तरंगत होत्या, त्या तिच्या डोळ्यापुढं आल्या. सरांची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची, कारण नाव वाचून आधी ती हसली होती.

पण बोलायचं कसं? अंतर्गत वीस गुण सरांच्या हातात. एम.एस्सी.च्या प्रवेशाला शिफारसपत्र द्यायचं तेही सरांनीच. घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिली.

त्या मंगळवारी सर झेरॉक्सचा गठ्ठा घेऊनच वर्गात आले. आज घरचंच उदाहरण, असं म्हणत त्यांनी तेच पान सगळ्यांना वाटलं. चारी गोष्टी काढा, दहा मिनिटं. ज्ञानूमामा मागच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक पुसत होते.

दहा मिनिटांनी सरांनी अतुलला उठवलं. अतुल दरवर्षीच्या मुलांकडून चालत आलेली जुनी वही पाठ करून येणारा. त्यानं धडधड सांगितलं आणि शेवटी म्हणाला, ‘मर्यादा म्हणजे नमुना लहान होता, आणि अधिक संशोधनाची गरज आहे.’

‘हे तू गेल्या महिन्यातल्या दोन हजार गाईंच्या अभ्यासालाही म्हणाला होतास,’ सर म्हणाले.

‘तिथंबी गरज होतीच की सर.’

वर्ग खिदळला. सरही हसले आणि मोठ्या मायेनं संघप्रियाकडं वळले. आता लेखिकाबाई सांगतील म्हणाले.

ती उठली. उद्देश सांगितला, निरगुडीचा अर्क अळ्या मारतो का हे तपासणं. पद्धत सांगितली, वाटीला पंचवीस अळ्या, पाच प्रमाणं, चोवीस तास. निष्कर्ष सांगितला, सगळ्यात जास्त प्रमाणात चौऱ्याऐंशी टक्के मेल्या. सर मान डोलवत होते. मग ती थांबली. टाळ चुकला की मृदंगवाल्याचा हात जसा अडतो, तशी मागं ज्ञानूमामांची फडक्याची घासाघास अडली.

‘मर्यादा,’ ती म्हणाली, ‘कंट्रोलमध्ये किती मेल्या ते दिलेलं नाही. ते कळल्याशिवाय अळ्या निरगुडीनं मेल्या का पाण्यानं, सांगता येत नाही.’

सरांची मान डोलायची थांबली. ॲब्स्ट्रॅक्टला जागा थोडी असते, सगळं घालता येत नाही, असं त्यांनी वर्गाला समजावलं. मग तिला म्हणाले, ‘आणि तूच मोजलंस की. कंट्रोल व्यवस्थित होता, सांग यांना.’

इतकं सोपं करून दिलं त्यांनी. एक व्हय म्हटलं की गुण, पत्र, चौकट, सगळं जागच्या जागी. आणि ते व्हय तिच्या जिभेवर आलं तेव्हा त्याला त्या वाटीतल्या पाण्याचा वास होता.

‘नऊ मेल्या होत्या सर. पंचविसात नऊ. शंभराला छत्तीस. वीसच्या वर गेलं तर अख्खा प्रयोग टाकून पुन्हा करायचा, असं तुम्हीच शिकवलंय.’

अतुल खाली मान घालून आपल्या कागदावरचं ‘नमुना लहान’ खोडत होता. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि तास संपायला वेळ असताना निघून गेले. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मर्यादा हुडकायला शिकवणारा माणूस, पण स्वतःचं पान हातात असताना त्याला एक वाटी दिसू नये, याची तिला इतकी शिसारी आली की दुपारचा डबा तिनं उघडलाच नाही.

चार वाजता स्टाफरूमच्या दारात सर भेटले. आवाज खालचा होता. ‘तुझ्या भल्यासाठी नाव घातलं होतं मी.’

‘ठाऊक आहे सर. ते काढून टाका. मी परिषदवाल्यांनाही तसं पत्र लिहिणार आहे.’

‘आणि शिफारसपत्र?’

हे विचारताना त्यांचा चेहरा इतका थकलेला दिसला की तिला क्षणभर कणव आली, आणि त्या कणवेचाही तिला राग आला.

घरी आल्यावर तिनं स्टूल लावून चौकट उतरवली. आप्पा हातपाय धुऊन आत येत होते. तिनं सगळं सांगितलं, वाटी, वास, नऊ. आप्पांनी खिळ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

‘मग निरगुडीनं अळ्या मरत्यात का न्हाय?’

‘म्हायती न्हाय, आप्पा.’

‘आन् हितं मरत्यात म्हणून लिवलंय.’

‘व्हय.’

आप्पांनी चौकट हातात घेतली. मागचे खिळे पक्कडीनं वाकवून कागद ओढून काढला, चुलीजवळच्या रद्दीत टाकला, आणि काच धोतराला पुसून भिंतीला टेकवून ठेवली. हात पुन्हा धुवायला ते मोरीकडं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेत गेली तेव्हा खिडकीत एक बादली होती, तोंड उघडं, आणि शेजारी धुऊन ठेवलेल्या रिकाम्या वाट्या. ज्ञानूमामा म्हणाले, पाणी काल सांजंला भरलंय, वास गेलाय, बघ. तिनं वाकून बघितलं. नुसतं पाणी होतं.