खणातली सिमकार्डं

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत स्मारांदाची सत्तेचाळीस कनेक्शनं झाली होती. लागत होती अठ्ठेचाळीस. टार्गेट साठाचं, आणि त्याच्या ऐंशी टक्क्यांच्या खाली एक जरी कमी पडलं तरी इन्सेन्टिव्ह शून्य. अठ्ठेचाळीस झाली की प्रत्येकी तीस लेई.

"एक राहिलं ना? घे की स्वतःच्या नावावर," शेजारच्या टेबलावरचा सोरिनेल म्हणाला.

"माझ्या नावावर आता कंपनी देत नाही. चार झालीत."

"मग भाऊ?"

"त्याचीही तीन झाली. तो फोनवर बोलत नाही माझ्याशी."

"सात सिमं घेऊन तो बोलत नाही म्हणतेस?" सोरिनेल हसला. स्मारांदाला हसू आलं नाही.

ब्राइला शहरातल्या या फोनच्या दुकानात ती नऊ वर्षं उभी होती. पक्का पगार सव्वीसशे लेई, बाकी विक्रीवर. कधी तीन हजार वर मिळत, कधी कंपनीच्या कपाती जाऊन अकराशे. म्हणून तिनं स्वतःला एक नियम घालून घेतला होता. वर्षातला सगळ्यात कोरडा महिना धरायचा आणि तेवढ्यातच जगायचं. म्हणजे सदतीसशे. त्यात भाडं, खाणं, आणि वेतुरिया, म्हणजे तिची आई, राहायची त्या वृद्धाश्रमाचे सोळाशे. आईचं पेन्शन धरून आश्रमाची फी जेमतेम भागे. कोरड्या महिन्याच्या वर जे येईल ते पाकिटात.

नियम चांगला होता. खोट एवढीच की सगळ्यात कोरडा महिना अजून यायचा होता.

डिसेंबरात एका बांधकाम कंपनीनं एकदम चाळीस कनेक्शनं घेतली. त्याचे बाराशे तिनं पाकिटात घातले आणि वर लिहिलं, "जूनअखेरपर्यंत हात लावायचा नाही." कारण गिऱ्हाइकानं सहा महिन्यांच्या आत बिल थकवलं की कंपनी दिलेले पैसे कापून घेते. ते पैसे तोवर आपले नसतात, हे तिला ठाऊक होतं. पण एप्रिल शून्यावर गेला. मेमध्ये हातात नुसता पक्का पगार आला, आणि त्यातून टार्गेट भरायला घेऊन खणात टाकलेल्या सात सिमांचं बिल, महिन्याला तीनशे पंधरा. पाकीट उघडावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीत ती बस पकडून आश्रमात गेली. आई खिडकीशी बसली होती, पुढ्यात गार झालेलं सूप.

"आई, तुझं ओळखपत्र दे. आणि इथं सही कर."

"घरी न्यायचा कागद आहे का गं?"

स्मारांदानं कागद तिच्यापुढं सरकवला. आईनं चष्मा शोधलाही नाही. जीभ दातांत धरून, शाळेतल्या मुलीसारखी, तिनं पूर्ण नाव लिहिलं. "माझी पिशवी भरलेलीच असते," ती म्हणाली.

"फोनचा कागद आहे, आई."

"असू दे. फोनचा तर फोनचा."

संध्याकाळी अठ्ठेचाळीस भरली. चौदाशे चाळीस लेई. दोन वर्षं या नव्या सिमचे महिन्याला पंचेचाळीस अंगावर घेऊन, पण या महिन्यात आई तिथंच राहणार होती. सोरिनेलनं टाळ्या वाजवल्या.

जूनच्या पगाराचा कागद हातात आला तेव्हा ती उभ्याउभ्याच वाचत होती. इन्सेन्टिव्ह चौदाशे चाळीस. खाली दुसरी ओळ, वजा बाराशे. बांधकाम कंपनीनं मेपासून बिलं भरणं सोडलं होतं.

"दोनशे चाळीस," ती म्हणाली.

सोरिनेलनं कागद घेऊन पाहिला. "पुढच्या महिन्यात भरून काढशील."

"पुढच्या महिन्याचं टार्गेट पासष्ट झालंय. वाचलं नाहीस?"

त्यानं कागद घडी करून परत दिला.

आश्रम चालवणाऱ्या फिलोफ्तेयाबाईंनी फीची अडचण ऐकून घेतली. "बाई, मला कळतं. पण आमच्याकडे रांग आहे. पंधरा तारखेच्या पुढं मला थांबता येत नाही."

पंधराला आई स्मारांदाच्या घरी, चौथ्या मजल्यावर चढली. लिफ्ट नव्हती. मध्ये सहा वेळा थांबली आणि प्रत्येक वेळी म्हणाली, "आलंच की घर." खोलीत शिरल्यावर तिनं पिशवीतली चादर स्वतः अंथरली. सही केली म्हणूनच आपल्याला आणलं, असं तिनं शेजारणीला सांगितलं.

दिवसभर तिच्याजवळ बसायला कुणी नव्हतं. स्मारांदानं खण उघडला. आठ सिमांतलं आईच्या नावाचं काढून एका जुन्या फोनमध्ये घातलं. आठांतलं पहिलंच सिम कामाला आलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, एक गिऱ्हाईक समोर असताना तिचा फोन वाजला.

"स्मारांदा, मी पडलेय. लागलं नाही फारसं. तू सावकाश ये."

तिनं समोरच्या माणसाकडे पाहिलं. त्यानं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं होतं. महिन्यातलं नववं कनेक्शन.

"येते, आई," ती म्हणाली, आणि फॉर्म पुढं ओढला.