पायाचे निम्मे, जिवाचे पूर्ण

पैलवानाचा डावा पाय टेम्पोच्या पायरीवर होता आणि उजवा नुकताच जमिनीला टेकला होता, एवढ्यात समोरून रिव्हर्समध्ये येणाऱ्या ट्रकने उघड्या दारावर धाडकन धडक मारली. दार पायावर मिटलं. गोदामातले हमाल बोंबलले, "पुढे घे, पुढे घे!" आणि त्या गाढव ट्रकवाल्याने गोंधळून गाडी अजून मागे घेतली. हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या टपरीपर्यंत ऐकू गेला म्हणतात. पैलवान मात्र ओरडला नाही. हाताला लागलेला पाना त्याने ट्रकच्या काचेवर फेकला, काच फोडली आणि मगच शुद्ध हरपली. माणूस तसाच होता. अंगात रग आणि डोक्यात राख.

बायको तेव्हा लॉन्ड्रीत इस्त्री करत होती. फोन आला तशी ती इस्त्री शर्टावरच टाकून धावली. शर्ट जळला, मालकाने त्याचे पैसे कापले, ते जाऊ द्या.

डॉक्टरांनी पाय वाचवायचा चंग बांधला. आत पट्ट्या, बाहेरून लोखंडी सळ्या, मांडीची कातडी काढून पिंढरीवर लावलेली. एक शस्त्रक्रिया झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. पाय काही माणसात येईना. नुसता पू. घरी आणला की ताप, ताप आला की परत वॉर्ड. टेम्पो दारात गंजत उभा. पैलवान खाटेवरून हाताला येईल ते फेकायचा. एकदा स्टीलचा तांब्या बायकोच्या कपाळावर बसला, भुवई फुटली, टाके पडले. ती त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर जाऊन टाके घालून वर आली आणि तोच तांब्या पाण्याने भरून त्याच्यापुढे आदळला.

"परत फेकलात तर मीही फेकीन," ती म्हणाली. "माझा नेम तुमच्यापेक्षा बरा आहे."

पाचवा महिना सरला तेव्हा तिच्या दादाला आठवलं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, गॅरेजवाला, मनाने सोन्यासारखा पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. "अगं, गाडीच्या विम्यात मालकाचाही विमा असतो की! दर वर्षी त्याचे वेगळे पैसे भरतो आपण. दवाखान्याचं सगळं बिल निघेल बघ त्यातून."

दोघं बिलांची पिशवी घेऊन विमा कंपनीच्या कार्यालयात गेली. क्लेमच्या टेबलावरचा माणूस शांत होता, तिला त्याचाच राग आला. त्याने पिशवी उघडलीसुद्धा नाही.

"गाडी त्यांच्याच नावावर? पॉलिसीही? लायसन चालू होतं?"

"सगळं त्यांच्याच नावावर. लायसनही चालू."

"मग मालक-चालक म्हणून ते बसतात. गाडीतून उतरताना लागलं तेही चालतं. पण ताई, हा विमा दवाखान्याचं बिल देत नाही. मोडलेल्या हाडाचं देत नाही, बुडालेल्या कामाचंही देत नाही."

"मग देतो तरी कशाचं?" तिने टेबलावर हात आपटला. "आरती ओवाळायला घेतला होता का आम्ही?"

त्या माणसाने बोटांवर मोजत सांगितलं. मेला तर पूर्ण रक्कम. दोन हात, दोन पाय, दोन डोळे, यातले कुठलेही दोन गेले तरी पूर्ण. एकच हात, पाय किंवा डोळा गेला तर निम्मी. आणखी कशाने माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर पूर्ण. आणि जे काही व्हायचं ते त्या अपघातामुळेच आणि अपघातापासून सहा महिन्यांच्या आत व्हायला हवं.

"म्हणजे पाय आहे तोवर काहीच नाही?"

"काहीच नाही."

दादाने रागाने खुर्ची लाथाडली. पहारेकऱ्याने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, त्याने पहारेकऱ्याची टोपी उडवली. ती मागून चालत होती आणि तिच्या डोक्यात एकच घोळत होतं, या माणसाचा पाय पाय म्हणूनही चालत नाही आणि गेला म्हणूनही चालत नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी हात टेकले. "विष वर चढतंय. गुडघ्याच्या वरून पाय काढायला हवा. नाहीतर माणूस हातचा जाईल."

पैलवान म्हणाला, नाही. क्लच दाबायचा पाय आहे, नाही. डॉक्टर समजावायला वाकले तर त्याने त्यांची कॉलर धरून डोकं खाटेच्या दांड्यावर आपटलं. दोन वॉर्डबॉयना त्याला दाबून धरावं लागलं. तेवढ्यात दादा आला. दाजींना हुरूप यावा म्हणून शहाण्याने काय सांगावं?

"अहो दाजी, पाय गेला तर निम्मे पैसे मिळतात! मेल्यावर पूर्ण, पण पायाचेही निम्मे आहेत की!"

पैलवानाची धडपड थांबली. वॉर्डबॉयनी त्याला सोडलं तरी हलला नाही.

"किती दिवसांत?" त्याने विचारलं.

"सहा महिन्यांच्या आत."

त्या दिवसापासून पैलवानाने काही फेकलं नाही. औषधाच्या गोळ्या गालात धरायचा आणि उशीखाली थुंकायचा. सलाईनची सुई दोनदा उपटली. पाय कापायचा नाही असं डॉक्टरांना शुद्धीत लिहून दिलं. आणि रोज एकच प्रश्न, आज तारीख काय? बायकोला कळायला वेळ लागला नाही. उशी उचलली तर खाली गोळ्यांचा चिखल. तिने त्या ओल्या गोळ्या मुठीत घेतल्या आणि त्याच्या तोंडावर फासल्या.

"मरायचंय तुम्हाला?"

"आपल्या पोरीचं शिक्षण होईल. दवाखान्यापायी गहाण टाकलेलं घर सुटेल. पायाचे निम्मे घेऊन लंगडा काय करू? तुझ्या लॉन्ड्रीत कपडे मोजू? पूर्णच घे की. सौदा चांगला आहे."

"मुद्दाम ओढवून घेतलेलं मरण विम्यात चालत नाही. कंपनी वर्षानुवर्षं भांडत बसेल."

"भांडू दे. तुला भांडायची सवय आहे."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. त्याने तिचा हात मुरगाळला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा ओरडायला लागला, नर्स धावत आली, आणि नवरा-बायको एकमेकांचे हात धरून तशीच धापा टाकत राहिली. तिला त्याचा इतका राग आला होता की वाटलं, आपणच याचा गळा दाबावा. आणि तो मेला तर आपण कशाला जगायचं, हेही त्याच दमात वाटलं.

मग ताप चढला. पैलवान बरळू लागला. गिअर टाक म्हणे, दार लाव म्हणे. दोन दिवस त्याला कसली शुद्ध नव्हती. तिने डॉक्टरांचे पाय धरले, आत्ताच कापा, मी सही करते.

"शुद्धीत असताना नको म्हणून लिहून दिलंय त्यांनी," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या कपाळावर अजून टेंगूळ होतं. "ताप उतरवायला बघतो. डोळे उघडले की त्यांच्या तोंडून हो काढा. लवकर काढा."

ती वॉर्डात आली. भिंतीवरचं कॅलेंडर फाडून तिने खिडकीबाहेर भिरकावलं. पैलवानाचा फोन फरशीवर आपटला आणि वर टाच दिली. शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाली, "आजोबा, त्यांनी तारीख विचारली तर तुम्ही बहिरे." मग जिन्यात दादाची कॉलर धरून त्याला भिंतीला टेकवलं. वयाने मोठा, अंगाने दुप्पट, पण तो घाबरला.

"तुझ्या जिभेने माझा नवरा मारायला काढलाय. आता तोंड उघडलंस तर तुझ्याच पान्याने तुझे दात पाडीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवानाने डोळे उघडले. ओठ फुटले होते. पहिला शब्द तोच.

"तारीख?"

"संपली तुमची तारीख." ती म्हणाली. "तीन आठवडे पडून होता तुम्ही. सहा महिने होऊन गेले. आता पायाचेही मिळत नाहीत आणि जिवाचेही. मरायचं तर मरा. फुकट मराल."

त्याने पायथ्याशी उभ्या दादाकडे पाहिलं. दादा फरशीकडे बघत होता. म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा बहिरा. मग पैलवानाच्या गळ्यातून असा आवाज निघाला की सगळा वॉर्ड उठून बसला. पाय चिरडला तेव्हा जो ओरडला नव्हता, तो आता ओरडला. सलाईनचा स्टॅन्ड ओढून त्याने खिडकीवर हाणला, काच फुटली, त्याचे हात रक्ताने भरले. तिने ते हात तसेच धरले. तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडला.

"मरणंही जमलं नाही मला," तो म्हणाला.

"नाही ना जमलं? मग सही करा."

त्याने सही केली. तासाभरात त्याला आत नेलं आणि गुडघ्याच्या वरून पाय काढला.

रक्कम आली तेव्हा पैलवान घरी होता, कुबडीवर उभं राहायला शिकत होता. पोरगी शाळेत गेली होती. पैसे बँकेत जमा झाल्याचं बायकोने त्याला सांगितलं नव्हतं, पण दादा पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "दाजी, निम्मे आले! सहा महिने भरायला आठवडा उरला होता म्हणून, नाहीतर पायाचेही बुडाले असते!"

मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने स्वतःच्याच तोंडावर हात मारला.

 पैलवानाने कुबडी दोन्ही हातांनी उचलली, भिंतीला पाठ टेकली, आणि फडताळावर असा तडाखा दिला की डबे, बरण्या, आरसा, सगळं खाली. दादा दाराबाहेर पळाला. ती जागची हलली नाही. काचेचा एक तुकडा तिच्या पायाला लागला होता, रक्त येत होतं.

"खोटं बोललीस."

"बोलले."

"आठवडा होता माझ्या हातात."

"होता."

"पूर्ण मिळाले असते!" त्याने कुबडी तिच्या डोक्याच्या वर उगारली. "माझ्या पोरीचे होते ते!"

ती काचांवरून चालत थेट त्याच्यापुढे आली, कुबडीच्या खाली. लग्नापासून तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"ऐक. मी परत गेले होते त्या माणसाकडे, नीट विचारून आले. एका अपघाताचे एकदाच मिळतात. निम्मे घेतले, खातं बंद. आता त्या ट्रकच्या नावाने तू आज मेलास, उद्या मेलास, कोणी एक छदाम देणार नाही. तुझ्या मरणाला आता कवडीची किंमत नाही, समजलं? मार मला, नाहीतर खाली बस. काचा उचलायच्यात, पोरगी अनवाणी येते."

कुबडी बराच वेळ वरच राहिली. मग ती खाली आली. पैलवान भिंतीला घासत घासत फरशीवर बसला, उरलेला पाय त्याने पोटाशी घेतला, आणि हात लांब करून पहिली काच उचलली.