मंगळवारचा राजीनामा

औषधांच्या कारखान्यात तिला सगळे तारीखबाई म्हणत. पाठीमागे म्हणत, आणि पुढेपुढे तोंडावरही म्हणू लागले. तिचं कामच तसं होतं. गोळ्यांचा प्रत्येक लॉट तयार झाला की त्याची जाडजूड नोंदवही तिच्या टेबलावर यायची, आणि एखाद्या सहीखाली तारीख नसली, किंवा तारीख मागाहून घातल्यासारखी वाटली, की ती वही आल्या वाटेने परत जायची. चुकलेला आकडा गिरवायचा नाही, पांढऱ्या शाईने झाकायचा नाही. एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, सही करायची, आजची तारीख घालायची. चौदा वर्षं तिने हे एकच गाणं लोकांना ऐकवलं आणि चौदा वर्षं शिव्या खाल्ल्या. तिच्यावाचून माल बाहेर पडत नसे, त्यामुळे शिव्या जरा दबक्या आवाजात असत इतकंच.

तिचा साहेब मात्र दबक्या आवाजातला नव्हता. एका सोमवारी तिने दोन वह्या अडवल्या म्हणून तो तिला चाळीस माणसांसमोर वाट्टेल ते बोलला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी दुपारी, नव्या कंपनीचं सहीशिक्क्याचं नेमणुकीचं पत्र तिच्या मेलमध्ये आलं. तीन मुलाखती झाल्या होत्या. पद वरचं होतं, दहा माणसं हाताखाली. पत्रात ‘मागील नोकरीची पडताळणी समाधानकारक झाल्यास’ असं एक वाक्य होतं, पण तसं वाक्य कोणाच्या पत्रात नसतं?

घरी ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. हात थरथरायला लागल्यावर दुकान विकून घरी बसले होते. ते पत्र त्यांनी भिंग लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, “आत्ताच्या आत्ता राजीनामा टाक.”

“बाबा, पडताळणी होऊ द्या. दोन आठवडे तर लागतील.”

“दोन आठवडे अजून त्या माणसाचं ऐकून घेणार? काल घरी आलीस तेव्हा तोंड कसं झालं होतं तुझं! माझ्याच्याने नाही बघवत. घे तो लॅपटॉप. मी सांगतो, तू लिही.”

त्यांनी सांगितलं, तिने लिहिलं. दिवे लागले नव्हते तोवर मेल गेलाही. बाबांनी स्वतः चहा केला, अर्धा बशीत सांडला, आणि दोघंही कधी नव्हे ते मोठमोठ्याने हसली.

बुधवारी सकाळी नव्या कंपनीच्या भरती विभागातून फोन आला. फोनवरच्या माणसाचं नाव तिने मनातल्या मनात गोडबोल्या ठेवलं होतं, कारण तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘मॅडम’ असा लावायचा की खडीसाखर चघळल्यासारखं वाटावं. तो म्हणाला, “मॅडम, राजीनामा मंजूर झाल्याचा मेल शुक्रवारपर्यंत हवाय मला. नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलवावं लागेल, मॅडम.” तिने सवयीने डायरीत टिपून ठेवलं: बुधवार, सकाळी अकरा दहा, कोण बोललं, काय बोललं. संध्याकाळी साहेबाचा मंजुरीचा मेल आला. दोन ओळींचा, त्यात राजीनाम्याची तारीख वगैरे काही नव्हती. तिने तो गोडबोल्याला पाठवून दिला.

दोन महिन्यांच्या नोटिशीत तिने आपल्या जागेवर येणाऱ्या मुलीला सगळं शिकवलं. मुलगी हुशार होती, पहिल्याच आठवड्यात तिने तीन वह्या परत पाठवल्या. तारीखबाईला त्याचं कोण कौतुक!

शेवटचा दिवस शुक्रवार. सोमवारपासून नवी नोकरी. शुक्रवारी दुपारी ती कपाटाच्या किल्ल्या आणि ओळखपत्र जमा करत होती तेव्हा मेल आला. नव्या कंपनीने तो विभागच तूर्त थांबवला होता, सबब नेमणूक मागे घेण्यात येत होती, आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा होत्या. तिने गोडबोल्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पाच वेळा लावला, मग त्याने तिचा नंबरच ब्लॉक करून टाकला. खडीसाखर संपली होती.

ती तशीच साहेबाच्या खोलीत गेली. अभिमान गिळायला किती वेळ लागतो याचा तिला अंदाज नव्हता. जिना चढण्याइतकाच लागला.

“राजीनामा मागे घ्यायचाय, साहेब.”

साहेबाने चष्मा काढला. खरं सांगायचं तर त्यालाही वाईट वाटलं असावं. “मंजूर झालेला राजीनामा तुम्हाला एकटीला मागे नाही घेता येत. आम्हीही हो म्हणायला हवं. आणि हो कसं म्हणू? तुम्हीच तयार केलेली मुलगी कालच कायम केली. आता तिला काढू का?”

“नको,” ती म्हणाली, आणि किल्ल्या टेबलावर ठेवून निघाली.

त्यानंतर खरे हाल सुरू झाले. तिच्या धंद्यात माणसं मोजकी आणि कान लांब. दोन ठिकाणी मुलाखत झाली, दोन्हीकडे शेवटी तोच प्रश्न: “त्यांनी ऑफर मागे का घेतली?” विभाग थांबला म्हणून, असं तिने सांगितलं की समोरचा मान हलवायचा. त्या मान हलवण्यात ‘पडताळणीत काहीतरी सापडलं असणार’ हे स्वच्छ दिसायचं. आयुष्यभर दुसऱ्याच्या नोंदी तपासणाऱ्या बाईवर कोणीतरी न दिसणारा डाग पाडून ठेवला होता, आणि तो धुवायचा कसा हे तिला कळत नव्हतं.

ती वकीलबाईंकडे गेली. झेरॉक्सच्या दुकानावरची छोटी खोली, नोकरीच्या भांडणांचे गठ्ठे खिडकीपर्यंत रचलेले. वकीलबाईंनी कागद क्रमाने लावले आणि सरळच सांगितलं, “नोकरी द्याच असं त्यांना भाग पाडणं अवघड आहे. भरपाई मागता येते. तुम्ही त्यांच्या शब्दावर विसंबून हातचं सोडलंत, हे दाखवायचं. पडताळणीच्या अटीमागे त्यांना लपता येणार नाही, कारण मागे घेताना त्यांनी ते कारण दिलेलंच नाही. आणखी काय हवंय तुम्हाला?”

“माझ्यात काही खोट निघाली नाही, एवढं लिहून हवंय. एक ओळ.”

“भरपाईपेक्षा ती ओळ काढून घेणं कठीण,” वकीलबाई हसल्या. “पण मागू. पत्र भक्कम असेल तर प्रकरण वाढू नये म्हणून कंपन्या अशी ओळ देतात.”

मसुदा तयार झाला. पत्र तिच्याच नावाने जाणार होतं. पहिला मुद्दा नेमणुकीचा, दुसरा तिच्या स्वीकृतीचा, तिसरा बुधवारच्या फोनचा, आणि चौथा असा: ‘आपल्या या सूचनेवरूनच मी राजीनामा दिला.’ पुढे हानी, मागण्या, पंधरा दिवसांची मुदत. “चौथ्या मुद्द्यावर सगळं उभं आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “बुधवारी त्यांचा फोन, बुधवारीच मंजुरी. घरी नेऊन नीट वाचा आणि सही करून आणा.”

वकीलबाईंनी समोर होते ते कागद बघून लिहिलं होतं. राजीनाम्याचा मूळ मेल जुन्या कंपनीच्या खात्यावरून गेला होता, ते खातं शेवटच्या शुक्रवारीच बंद झालं होतं. साहेब सोडला तर मंगळवार फक्त तिला आणि बाबांना माहीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाबांना पत्र वाचून दाखवलं. चौथा मुद्दा आला आणि ती थांबली.

“पुढे वाच,” बाबा म्हणाले.

“हे खरं नाही, बाबा.”

“त्यांनी तरी कुठे खरं केलं? एका दिवसाचा तर फरक! फोन आधी आला असता तर तू काय वेगळं करणार होतीस?”

“आधी आला नव्हता.”

“अगं, कोण बघतंय?” बाबांचा आवाज चढला. “जगभराच्या तारखांचा मक्ता घेतलायस का तू? एक दिवस सरकव की माझे आई!”

हे बाबा बोलत होते. दिवसाला दोन सेकंद मागे पडणारं घड्याळ ‘ठीक आहे’ म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात न देणारे बाबा. तिला त्यांचा राग आला नाही, भीती वाटली. त्या मंगळवारात त्यांना स्वतःची घाई आणि तिची गेलेली नोकरी दिसत असणार, हे तिला तेव्हा कळलं.

तिने पेन घेतलं, चौथ्या मुद्द्यावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: ‘आपल्या सहीच्या पत्रावर विसंबून मी आदल्या दिवशी, मंगळवारी, स्वतःहून राजीनामा दिला होता.’ रेघ ओढलेली बघताच बाबा उठून आत गेले होते.

वकीलबाईंनी ते वाचलं आणि पेनाला टोपण लावलं. “खोटं मी लिहिणार नाहीच,” त्या म्हणाल्या. “पण भक्कम पाया गेला, हे लक्षात ठेवा. आणि ‘स्वतःहून’ कशाला? ‘राजीनामा दिला होता’ पुरे.”

“राहू दे,” ती म्हणाली. “ते तसंच हवंय मला.”

स्वच्छ प्रत काढून पत्र पोचपावतीसह गेलं. चौदाव्या दिवशी उत्तर आलं. छान जाड कागद, कंपनीच्या वकिलाची सही. आपल्याच पत्रावरून दिसते की आपण आमच्या कोणत्याही सूचनेपूर्वी स्वतःहून राजीनामा दिलात. सबब आमच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. नेमणूक मागे घेण्याच्या कारणांबाबत वेगळे लेखी स्पष्टीकरण देण्याची आमची पद्धत नाही. पद्धत! तिचं वाक्य त्यांनी अवतरणचिन्हांत घालून तिलाच साभार परत केलं होतं.

वकीलबाई फोनवर म्हणाल्या, दावा लावता येईल, वर्षं जातील, निकालाचं काही सांगता येत नाही. विचार करते, असं ती म्हणाली. विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाबा खिडकीपाशी बसून भिंगाखाली ते उत्तर वाचत होते. पुन्हा वाचलं. मग भिंग एका शब्दावर थांबलं.

“स्वतःहून?” ते म्हणाले. “हे त्यांना कोणी सांगितलं?”

“मी.”

“म्हणजे मी त्या दिवशी आत गेलो, आणि तू हे...” त्यांनी कागद तिच्यासमोर धरला. “अगं, मी सांगितला, तू टाइप केलास. तू थांब म्हणत होतीस. शब्दन् शब्द माझा होता.”

“बटण मी दाबलं, बाबा.”

“दुनियेच्या तारखा तपासतेस आणि स्वतःच्या पत्रात खोटं लिहितेस?”

ती पकडली गेली होती.

“तीन महिने झाले,” बाबा म्हणाले. “नोकरी गेली, नाव गेलं. सकाळ-संध्याकाळ माझ्या औषधांची आठवण करतेस, पेपर आणून देतेस. एका शब्दाने बोलली नाहीस मला. निदान एकदा चिडायचं तरी होतंस माझ्यावर.”

“चिडलेच होते,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. “त्याच शुक्रवारी चिडले. अजून चिडलेलीच आहे. रोज सकाळी डोळे उघडले की आधी तुमचाच राग येतो मला!”

बाबांनी मान खाली घातली. भिंग बाजूला ठेवलं आणि कागदाची नीट घडी केली.

“मग बोल,” ते म्हणाले. “सगळं बोल. मी इथेच बसलोय.”