तुटलेलं दुःख

दौंडच्या ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाची पुस्तिका तिघांनी टाईप केली होती. ती तपासणाऱ्या रेचलनं काल स्वल्पविरामाआधीच्या मोकळ्या जागा काढल्या आणि एका झटक्यात प्रत्येक कोलननंतर एकेक जागा घातली. आज स्टीफनच्या प्रकरणात ‘दु: ख’, ‘अंत: करण’ असे शब्द तुटलेले दिसले. बाकी दोघांचे धड होते. चुका काढल्याचा राग यानं असा काढला, असं तिच्या मनात आलं. तिनं फोन लावला.

“फाईल परत उघडलीस का?”

“न्हाई ताई. का बरं?”

“‘दुःख’ कसं टाईप करतोस?”

“दु, मग कोलन, मग ख. विसर्ग मला सापडतच न्हाई.”

रेचलला कोलननंतर घातलेली कालची जागा आठवली. शब्द तिनंच तोडले होते.

“माझ्याकडूनच बिघडलंय,” ती म्हणाली आणि एकेका शब्दात खरा विसर्ग घालू लागली.