सोपानकाकांचा निरोप

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात सोपानकाकांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. पिंपळवंडीहून ते सायकलवर यायचे, क्रेटांच्या थप्पीवर उभे राहायचे आणि लिलाव पुकारायला लागले की हायवेवरच्या ट्रकवाल्यांनाही भाव कळायचा. असा माणूस त्या उन्हाळ्यात तेजस्विनीच्या दुकानात आला तेव्हा काय म्हणतोय ते कळायला तिला खुर्ची पुढे ओढावी लागली. त्यांच्या घशातून नुसती घरघर येत होती.

"तेजू, तुझ्या कॅमेऱ्यात माझं बोलणं येईल का गं?"

तेजस्विनीचं माहेर पिंपळवंडीचंच. काकांची मुलगी साधना तिच्या वर्गातली. बसस्टँडमागे तिचं आणि नवऱ्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. सुदर्शन शूटिंगला जायचा, मिक्सिंग आणि इंटरनेटचं काम ती बघायची. काकांच्या घशात गाठ आहे आणि पुण्याला ऑपरेशन ठरलंय, एवढं साधनाकडून तिला कळलं होतं. स्वरयंत्रच काढणार आहेत, हे मात्र काकांनीच त्या दिवशी सांगितलं.

"बेस्तरवारी कापणार. मग बोलणं बंद, कायमचं. त्याआधी आदेशला दोन शब्द सांगायचेत."

आदेश त्यांचा मुलगा. कतारला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. जाताना बापलेकाचं कडाक्याचं भांडण झालं होतं. काकांनी "पुन्हा तोंड दाखवू नको" म्हटलं आणि त्यानं ते शब्द मनावर घेतले. दोन वर्षं तो फक्त साधनाशी बोलायचा. बापाला घशाचं बारीकसं ऑपरेशन आहे, एवढंच तिनं त्याला सांगितलं होतं, तेही काकांनीच तसं बजावलं म्हणून.

"फोनवर सांगा ना काका."

"फोनमधी माझं कायबी ऐकू जात नाय. घरघर ऐकून त्यो ठिवून देतोय. आन्‌ बोलायला गेलं की भांडाण व्हतं." ते थांबले, दम घेतला. "एक कर. मशिन चालू कर आन्‌ तू भाईर जा. माझं त्याच्याशी बोलणं हाय, तू ऐकायचं न्हाई."

"नाही ऐकणार काका. शब्द देते."

तिनं काकांच्या शर्टाच्या गळ्याला छोटा माईक लावला, कॅमेरा सुरू केला आणि दार ओढून बाहेर पायरीवर बसली. आतून काही कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं काका बाहेर आले. डोळे पुसलेले होते, पण ओठावर हसू होतं.

"पाठीव आता."

पाठवणं सोपं नव्हतं. कॅसेटवरचं शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवलं की फाईल अवाढव्य व्हायची. ज्या साईटवर लोक व्हिडिओ चढवत तिथं एवढी मोठी फाईल घेतलीच जात नव्हती. तिनं मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमधून लहान फाईल काढली. दिलेला शब्द पाळायचा म्हणून सुरुवातीलाच स्पीकरची वायर उपसून टेबलावर ठेवली. चित्र बघितल्याशिवाय काम होत नव्हतं, पण आवाज ती टाळू शकत होती.

दुकानातल्या लाईनवर फाईल उतरायची बऱ्यापैकी, चढायची मात्र गोगलगायीसारखी. पट्टी शेवटाला आली आणि लोडशेडिंग झालं. मॉडेम बंद. लाईट आल्यावर बघते तर व्हिडिओ यादीत दिसत होता आणि त्याखाली लिहिलेलं होतं, प्रोसेसिंग. ती वाट बघत राहिली. गिऱ्हाइकं आली, गेली. प्रोसेसिंग काही हललं नाही.

तिला वाटलं, लाईट गेल्यामुळे फाईल अर्धवट पोचली असणार. शेपूट तुटलेली फाईल साईट तरी कशी उघडणार? तिनं ती काढून टाकली, मॉडेमही कॉम्प्युटरबरोबर इन्व्हर्टरवर जोडला आणि पहिल्यापासून चढवली. या वेळी शेवटपर्यंत नीट गेली. पुन्हा प्रोसेसिंग. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तरी तेच.

काकांनी साधनाच्या फोनवरून कसंबसं विचारलं, "गेलं का?"

"जातंय काका. थोडं अडकलंय."

मग तिनं नीट विचार केला. दोष नेटचा की साईटचा की फाईलचा? मोबाईलवर काढलेली तिच्या पुतण्याच्या बारशाची एक क्लिप तिनं चढवून बघितली. चहा पिऊन होईस्तोवर ती साईटवर दिसायलाही लागली. म्हणजे नेट बरोबर, साईटही बरोबर. काकांची फाईल आता मोठीही नव्हती. खोट तिच्या आतच होती.

पेनड्राईव्हवर ती फाईल घेऊन ती शेजारच्या खतांच्या दुकानात गेली. दुकानदार सावळेरामभाऊंच्या कॉम्प्युटरवर बिलांपलीकडे काही चालत नसे. तिथंही आधी स्पीकर बंद केले. फाईल लावली तर पडदा काळा, वर इंग्रजीत ओळ, कोडेक सापडला नाही.

"काय झालं गं?" सावळेरामभाऊंनी विचारलं.

"भाऊ, क्रेट वरून सगळे सारखेच ना? आत टोमॅटो आहे का काकडी, ते उघडल्यावर कळतं. ह्या फाईलचं नाव एव्हीआय आहे, ते नुसतं क्रेट. आत माल कुठल्या पद्धतीनं भरलाय, त्याला कोडेक म्हणतात. आमच्या सॉफ्टवेअरनं स्वतःच्याच पद्धतीनं भरलाय. ते माझ्या कॉम्प्युटरला कळतं, तुमच्या नाही. त्या साईटलाही नाही."

"मंग त्यांनी नाय घेत म्हणून सांगावं ना सरळ."

"तेच तर. घेऊन ठेवलाय, आणि आत नुसता उलटापालटा करत बसलेत."

तिनं फाईल बदलायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. साईटला चालेल असा, एमपेग-चारचा कोडेक चित्रासाठी निवडला, आकार लहान केला, चढवली. मंगळवारी दुपारी प्रोसेसिंग संपलं. चौकटीत काका दिसले. ओठ हलत होते, मधेच हसले, मग टोपी काढून मांडीवर ठेवली. तेजस्विनीनं ती लगेच बंद केली. शब्द दिला होता.

लिंक साधनानं आदेशला कळवली. संध्याकाळी त्याचा तेजस्विनीलाच फोन आला.

"तेजूताई, बघितला. म्हातारा बरा दिसतोय की! हसतोय चक्क."

"ऐकलंस ना सगळं?"

"कामगारांच्या कॅम्पमधल्या कॉम्प्युटरला स्पीकर कुठला? शुक्रवारी सुट्टी असते, शहरात जाऊन हेडफोन लावून ऐकतो निवांत. दोन वर्षांनी हसलाय बाप, गडबड कशाला करू?"

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. काकांचा पुन्हा फोन आला तेव्हा तिनं खुशीतच सांगितलं, "पोचला काका. बघितला त्यानं."

पलीकडून घरघर आली. "काय म्हणला?"

"तब्येत बरी दिसते म्हणाला."

"आन्‌?"

"एवढंच. तुम्ही हसताय म्हणून खूश होता."

मग फोन साधनानं घेतला. बुधवारी काका दवाखान्यात दाखल झाले. साधना म्हणाली, बाबा काही खात नाहीत, सारखे दाराकडं बघतात. गुरुवारी ऑपरेशन झालं.

शुक्रवारी दुपारी आदेशचा फोन आला.

"ताई, आवाज नाहीच ओ ह्यात. हेडफोन बदलून बघितले, कॉम्प्युटर बदलला. दुसरे व्हिडिओ वाजतात, हाच मुका आहे."

तेजस्विनीनं फोन ठेवला. फाईल बदलायचं सॉफ्टवेअर तिनं पुन्हा उघडलं. चित्राच्या रकान्यात तिनं निवडलेला कोडेक होता. खाली आवाजाचा वेगळा रकाना होता आणि तिथं लिहिलेलं होतं, जसाच्या तसा. चित्र बदललं होतं, आवाज त्याच जुन्या पद्धतीत राहिला होता. साईटनं कळलं तेवढं, म्हणजे चित्र, घेतलं आणि आवाज सोडून दिला. स्पीकरची वायर टेबलावर होती तशीच पडलेली. एकदा जोडली असती तरी साईटवर व्हिडिओ मुका आहे, हे तिला मंगळवारीच कळलं असतं.

आवाजासाठी तिनं एमपीथ्रीचा कोडेक निवडला आणि कॅसेटवरून उतरवलेल्या मूळ फाईलवरून नवी काढली. आता ऐकून बघणं भाग होतं. तिनं हेडफोन लावला.

घरघर होती, पण माईक जवळ असल्यामुळं प्रत्येक शब्द कळत होता.

"आदेश, साधनीनं तुला खोटं सांगितलंय, म्याच सांगायला लावलं. बेस्तरवारी माझा आवाज काढून टाकणार हायेत. तोंड दाखवू नको म्हणलो व्हतो, त्ये चुकलं माझं. तू ये. बेस्तरवारच्या आत ये. तुला समोर बसवून एकदा नावानं हाक मारायचीय, मंग न्यू दे काय न्यायचंय ते. न्हाई जमलं तर फोन कर. पर मला कळू दे, तू ऐकलं म्हणून."

मग ते हसले. "लहानपणी बाजारात हरवला व्हतास. म्या पुकारलं आन्‌ तू पार हायवेवरनं पळत आलास."

तेजस्विनीनं हेडफोन काढला. बाहेर कुणीतरी पासपोर्ट फोटोसाठी उभं होतं. तिनं त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं.

आवाजासकट फाईल चढवली. तासाभरानं ती साईटवर वाजू लागली. आदेशनं ऐकून फोन केला. म्हणाला, "ताई, मंगळवारीच तिकीट काढलं असतं ओ मी," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती पुण्याला गेली. काकांच्या गळ्याला मोठं ड्रेसिंग होतं आणि त्यातून नळी बाहेर आली होती. साधना म्हणाली, आत्ता नको सांगू. पण तेजस्विनीला ते जमेना. हा माणूस चार दिवस काय समजून बसला होता, तेच तिला सतावत होतं.

"काका, आदेशला तुमचं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं. चित्र गेलं, आवाज नाही गेला. चूक माझी झाली. त्याला काल कळलं. निघालाय तो."

काकांनी तिच्याकडं एकटक बघितलं. ओठ हलले. नळीतून हवा फुसफुसली. मग त्यांनी मान भिंतीकडं वळवली आणि ती तिथं असेपर्यंत परत वळवली नाही.

आदेश सोमवारी पोचला. बापाच्या पायाशी बसला आणि "बोला की बाबा, शिव्या द्या" म्हणत राहिला. काकांनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी. एकदा तोंड उघडलं, मोठं, पुकारताना उघडायचे तसं. आवाज नाही आला. साधना खोलीबाहेर निघून गेली.

सुट्टी संपल्यावर आदेशला परत जावं लागलं. जाताना तो दुकानात आला, कॅसेट घेऊन गेला. तेजस्विनीला रागानं एक शब्द बोलला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. पुढं बाजारात दुसरा माणूस पुकारायला लागला. काका दिवाळीपर्यंत जगले. तोवर शुक्रवारी आदेशचा फोन आला की साधना रिसीव्हर त्यांच्या कानाला लावायची. तो तिकडून बोलत राहायचा, पगाराचं, उन्हाचं, मेसच्या जेवणाचं, आणि काका बोटानं रिसीव्हरवर टकटक करायचे. टकटक थांबली की तो विचारायचा, "बाबा, हायत ना?" आणि पुन्हा टकटक व्हायची.