दुधातली गुलाबी गोळी

चंद्रभागेचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. वाण्याच्या तराजूवर नव्हता, गोळ्या-औषधांवर नव्हता, मुंबईत नोकरीला असलेल्या नवऱ्यावर तर मुळीच नव्हता. पण सगळ्यांत जास्त संशय तिला सुनेचा. सेजल घरात येऊन दोन वर्षं होत आली तरी पाळणा हलला नव्हता, आणि पोलादपूरजवळच्या कापडे गावात त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटतं ते काय सांगायला पाहिजे? बाई दिसली रे दिसली की चंद्रभागा सुनेची कुंडली मांडून बसायची. पोरगी कुडपणची, डोंगरावरची, अंगात रक्त नाय, उपासतापास फार करते, मनात काय चाललंय पत्ता लागू देत नाय.

पोराबद्दल मात्र बोलायची सोयच नव्हती. यशराज म्हणजे दरवाजातून आडवा शिरेल असा गडी. महाडच्या जिममध्ये त्याने अंग कमावलेलं, दंडावर शिरा उठलेल्या, जिल्ह्याच्या स्पर्धेत बक्षीस आणलेलं. आता असल्या पोरात खोट असेल असं कोण म्हणेल?

सेजल म्हणाली. दिवाळी झाल्यावर तिने सरळ सांगितलं, "आधी माझी तपासणी झाली, काही निघालं नाही. आता यांची करू या." ती नवऱ्याला घेऊन महाडला निघाली, तर चंद्रभागा कुणी न बोलावता मिनीडोर रिक्षात जाऊन बसली. डॉक्टरही बाई, सूनही बाई. दोघी मिळून काय शिजवतील याचा नेम काय, असं तिचं म्हणणं.

डॉक्टर प्रियदर्शिनी पुण्याहून एक शनिवार सोडून एक यायच्या. हार्मोनच्या डॉक्टर. त्यांनी तपासणीचा रिपोर्ट पाहिला, मग यशराजकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वीर्यात एकही शुक्राणू नाही."

"माझ्या पोराच्या?" चंद्रभागा म्हणाली. "बाई, त्याचे दंड तरी बघा."

"दंड बघूनच शंका आली मला. काय घेतोस रे? खरं सांग."

यशराजने मान खाली घातली. स्पर्धेसाठी दोन वर्षं तो इंजेक्शनं घेत होता. टेस्टोस्टेरॉनची. जिमचे ओंकार सर द्यायचे. त्यात काय, पुरुषाचंच तर हार्मोन, ते वाढलं तर पुरुषपण वाढेलच की, असा त्याचा सरळ हिशोब.

"इथेच सगळी पोरं फसतात," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती वृषणांना हुकूम सोडते, की हार्मोन बनवा, बीज बनवा. बाहेरून इंजेक्शन आलं की तिला वाटतं, घरात भरपूर आहे. ती हुकूम सोडायचं बंद करते. मग वृषणं रिकामी बसतात, आकसतात, आणि बीज तयार व्हायचं थांबतं. बाहेरून माणूस पैलवान, आतून कारखाना बंद."

सेजलने विचारलं, "परत सुरू होईल?"

"बहुतेकांचा होतो. पण महिने लागतात, कधी वर्ष, कधी त्याहून जास्त. एकच अट. बाहेरून काहीही घ्यायचं नाही. सुरुवातीला हा गळून जाईल, चिडेल, रडेलसुद्धा, कारण बाहेरचं बंद आणि आतलं अजून झोपलेलं. तेव्हा घाबरून काही देऊ नका. तीन-चार महिन्यांनी परत बघू."

डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. पौष लागेपर्यंत यशराजचे शर्ट ढगळ झाले. तो जिमला जाईना, शेतावर जाईना, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. सेजल त्याच्याजवळ बसायची, हळू आवाजात बोलायची, कधी दोघं नुसतेच अंगणात चालायचे. चंद्रभागा चुलीपुढून हे बघायची आणि तिच्या मनात पाल चुकचुकायची. एवढा धडधाकट पोर डॉक्टरणीच्या एका भेटीत असा कसा वाळला? हिनेच काहीतरी चारलं असणार. पोर दुबळा झाला की बायकोच्या मुठीत, दुसरं काय!

एक दिवस बाजाराचं निमित्त काढून ती महाडला गेली आणि जिमच्या पायऱ्या चढली. आत लोखंडाचा खणखणाट आणि घामाचा वास. ओंकार सरांनी तिला खुर्ची दिली, पंखा लावला, काकी काकी करून पाणी दिलं.

"यश वाळला हो," ती म्हणाली. डोळ्याला पदर लावला तो मात्र खरा होता.

"वाळणारच. डॉक्टरांना बॉडीतलं काय कळतंय, काकी?" ओंकारने कपाटातून लेबल नसलेली एक डबी काढली. आत गुलाबी गोळ्या. "हे इंजेक्शन नाय. नुसती ताकद हाय. सकाळी एक, संध्याकाळी एक. कुटून दुधात टाका. फक्त यशला सांगू नका. तो हल्ली बायकोच्या ऐकण्यात हाय."

बाकी सगळं एक वेळ चंद्रभागेने सोडलं असतं, पण हे शेवटचं वाक्य तिच्या काळजाला जाऊन भिडलं. इतक्या दिवसांत तिच्या मनातलं बोलणारा हा पहिलाच माणूस भेटला होता.

तरी ती पुरती खुळी नव्हती. डबी घेऊन ती आधी गावदेवीच्या देवळात गेली आणि गुरवाला कौल लावायला सांगितलं. त्याने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि तिने गाऱ्हाणं घातलं, "पोराला हे औषध देऊ का गो आई? द्यायचा असेल तर उजवा दे." उजवीकडची पाकळी पडली. झालं! आता देवीनेच हो म्हटल्यावर पुण्याची डॉक्टरीण कोण लागून गेली? गोळीत काय आहे हे मात्र तिने देवीला विचारलं नाही, की ओंकारला विचारलं नाही. जगावर संशय घेणारी बाई नेमकी तिथे गप्प बसली.

मग रोज सकाळ-संध्याकाळ खलबत्त्यात वेलदोड्याबरोबर एक गोळी. म्हशीच्या सायीच्या दुधात चव कशाची लागते? यशराज आईचा हात म्हणून पेला एका दमात रिकामा करायचा. शिमग्याच्या आत त्याचा चेहरा भरला, खांदे रुंद झाले. चंद्रभागा मनात म्हणाली, बघ, आईच्या हाताचा गुण.

सेजलने वेगळंच बघितलं. यशराजच्या पाठीवर परत मोठमोठे फोड आले होते, इंजेक्शनं चालू असताना यायचे तसेच. आणि अंग भरलं तरी रात्री तो तिच्याकडे पाठ करूनच झोपायचा. तिने गुपचूप त्याची बॅग तपासली, मोटारसायकलची डिकी तपासली, गादी उचलून बघितली. काही मिळालं नाही तेव्हा तिने त्यालाच विचारलं.

"चोरून घेतोस ना?"

"नाय गो. काय पण नाय."

"मग अंग कशाने भरलं? जिमला तर जात नाहीस."

"मला काय माहीत? आईची शपथ."

स्वयंपाकघरात चंद्रभागा कान देऊन उभी होती. दोघांत खटका उडाला याचा तिला आनंद झाला. हो, झाला, कशाला लपवायचं? खलबत्ता तिने फडताळात मागे सरकवला तेवढंच.

मार्चमध्ये परत महाडला जायचं ठरलं तेव्हा सेजल कपड्यांची पिशवी भरूनच निघाली. यशराजला तिने दारातच सांगितलं, "मूल झालं नाही तर मी जगेन. पण रोज तोंडावर खोटं बोलणाऱ्या माणसाबरोबर नाही. रिपोर्टमध्ये निघालं, तर तिथूनच कुडपणला जाईन. परत येणार नाही."

रिपोर्ट वाचताना डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मागे इंजेक्शनमुळे रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर दिसत होतं. आता ते अगदी तळाला आहे. आणि ग्रंथीचा हुकूम अजूनही बंदच. एवढंच असतं तर म्हटलं असतं, वेळ लागतोय. पण यकृत बिघडल्याची खूण आहे आणि चांगलं कोलेस्टेरॉल एकदम पडलंय. हे गोळ्यांनी होतं. काही स्टेरॉइडच्या गोळ्या अशा असतात, की रक्तात टेस्टोस्टेरॉन म्हणून मोजल्या जात नाहीत, पण ग्रंथीला इंजेक्शनसारख्याच फसवतात. काय घेतोयस, यशराज?"

"काही नाही, मॅडम. खरंच."

"हे बघ, मी पोलीस नाही. पण तू घेत राहिलास तर कारखाना उघडणार नाही. किती दिवस बंद राहील ते मलाही सांगता येणार नाही."

"मी घेत नाय!" यशराजचा आवाज चिरकला. तो आईकडे वळला. "आई, तू तरी सांग. घरात असतो ना मी तुझ्यासमोर?"

सेजल उठली. तिने पिशवी खांद्याला लावली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते सगळं आधीच रडून झालेलं असावं.

दोन वर्षं चंद्रभागेला जे हवं होतं ते आता दारापर्यंत पोचलं होतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं. सून जाईल, डबी गांधारी नदीत फेकता येईल, पोराला दुसरी बघता येईल. आणि पोर? तो खोटा ठरेल. आयुष्यभर खोटा, आणि खोटं तर तो बोललाच नव्हता. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. लहानपणी चोरीचा आळ आला की तो असाच बघायचा.

"बाई," ती म्हणाली, "त्या गोळ्या गुलाबी असतात का?"

सेजल दारातच थांबली.

"असतात," डॉक्टर म्हणाल्या. "का?"

मग तिने सांगितलं. ओंकार, डबी, कौल, खलबत्ता, सगळं. मध्ये कुणी तिला थांबवलं नाही, आणि तेच तिला फार जड गेलं. डॉक्टर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या की डबी मला आणून द्या, यकृताची तपासणी पंधरा दिवसांनी परत करू, आणि बाकीची मोजणी आजपासून पहिल्यापासून धरा.

"होईल ना हो बरा?"

"आशा आहे. तुम्ही आता काही देऊ नका, म्हणजे झालं."

सेजल त्यांच्याबरोबर घरी आली. मिनीडोरमध्ये पिशवी मांडीवर होती, पण पोलादपूरला उतरून ती कुडपणच्या गाडीकडे गेली नाही. यशराजने वाटेत तिचा हात धरला होता. आईवर तो रागावलाही नाही.

दुपार टळून गेली होती. चंद्रभागेने भात टाकला, कुळथाचं पिठलं केलं, पोराला आवडतं म्हणून लसणीची फोडणी दिली. पानं मांडली. ती भाताचं पातेलं घेऊन वाढायला वाकली तसा यशराजने ताटावर हात आडवा धरला.

"तू नको वाढू, आई."

"अरे, यात काय नाय. तुझ्यासमोर केला."

"माहीत हाय. सेजल वाढेल."

चंद्रभागेने पातेलं खाली ठेवलं. सेजलने भात वाढला, त्याला, स्वतःला, आणि सासूलाही. पिठलं वाढलं. यशराज लगेच जेवायला लागला नाही. बायकोने वाढलेला भात तो बोटांनी हळूहळू उलगडत होता, आणि प्रत्येक शीत खाली वर करून बघत होता.